मुलाखतीला निघण्यापूर्वी सुहासला पत्र

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

उद्या संध्याकाळी बेळगाव स्थानकावर तुला निरोप द्यायला माणसे पुष्कळ असतील आणि दोघांना निवांत बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र आजच लिहून तुझ्या धाकट्या भावाच्या हाती देत आहे. गोवा एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढायच्या आहेत, तेव्हा सवड मिळाली तर वाच. नाही वाचलेस तरी माझी तक्रार नाही.

‘तुझी निवड होणारच’ हे वाक्य या पत्रात नाही. तुझ्या योग्यतेविषयी मला शंका आहे असे मुळीच नाही. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाचे मुलाखतीचे पत्र आल्यापासून तू ते ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतो आहेस आणि प्रत्येक वेळी कसनुसे हसून विषय बदलतो आहेस, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. आतापासूनच ‘साहेब’ म्हणणारी माणसे तुझे वाईट चिंतत नाहीत, मात्र निकाल उलटा लागला तर या सर्वांना तोंड कसे दाखवायचे, हा घोर तुझ्याच जिवाला लागतो. गल्लीतल्या मंडळींनी अभिनंदनाचा फलक करायला टाकायचे जवळजवळ ठरवले होते. तुझे बाबा वीटभट्टीवरून तसेच उठून आले आणि ‘परीक्षा त्याची आहे, गावाची नव्हे’ एवढेच म्हणाले. फलकाचा विषय तिथेच मिटला, आता त्याची काळजी करू नकोस.

मुख्य परीक्षेचे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275, अशा एकूण 2025 गुणांवर अंतिम यादी लागते, हे तुला मी सांगायला नको. तरीही लिहितो, कारण गेल्या आठवड्यात तू असे बोलत होतास की जणू त्या अर्ध्या तासात आजवरचे सगळे पणाला लागणार आहे. लेखी परीक्षेत जे मिळवायचे ते तू मिळवून बसला आहेस आणि त्या खोलीतल्या एखाद्या अडखळलेल्या उत्तराने त्यातला एकही गुण कमी होणार नाही. मुलाखतीत उत्तीर्ण होण्यासाठी किमान गुणांची अटही नाही. अर्थात, यादीत नाव लागेल की नाही हे यावरून मला सांगता येत नाही, आणि तुलाही आज ते ठरवून टाकण्याची गरज नाही.

तुझ्या मनात खरी धास्ती सीमाप्रश्नाची आहे, हे मला ठाऊक आहे. अर्जात बेळगाव जिल्हा आणि मराठी माध्यम लिहिलेल्या उमेदवाराला तो प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहेच. 1966 साली नेमलेला महाजन आयोग, त्याचा 1967 चा अहवाल आणि 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सर्व तुला पाठ आहे. परंतु इतक्या वर्षांत जे सुटले नाही ते त्या टेबलापाशी तू सोडवून दाखवावेस, अशी अपेक्षा कोणीही शहाणा माणूस ठेवणार नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि तहसील कार्यालयात मिळेल त्या भाषेत कागद, असे आपण वाढलो. विचारले तर तेवढे सरळ सांग. बोलताना मध्येच कन्नड शब्द आला तर दचकू नकोस, तो आपल्या बोलण्यात असतोच. (दुभाष्याची थोडी पंचाईत होईल, पण ती त्याची नोकरी आहे.) एखादे उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणून मोकळा हो.

जन्मतारखेच्या पुराव्यासाठी एस.एस.एल.सी.चे मूळ प्रमाणपत्र लागते. ते मी स्वतः पदवीच्या कागदांबरोबर निळ्या फाइलमध्ये ठेवले आहे आणि प्रतींचा गठ्ठा वेगळा केला आहे. रेल्वेची तिकिटे फेकू नकोस, प्रवासखर्चाच्या परताव्यासाठी ती लागतील. आईने डब्यात कुंदा दिला आहे. तो दिल्लीत आयोगाच्या धोलपूर हाउसच्या दारात नव्हे, गाडीतच संपव.

मुलाखत झाल्यावर ‘कशी झाली’ हे मी विचारणार नाही, आणि घरच्यांनीही तसे कबूल केले आहे. तुझ्या काकांची मात्र मला हमी देता येत नाही. त्यांचा फोन आला तर उचलू नकोस, त्यांची समजूत मी काढीन. परतीच्या गाडीची वेळ तेवढी कळव, म्हणजे मोटारसायकल घेऊन स्थानकावर येतो. आल्यावर आधी दोन दिवस झोप काढ. लग्नसराई तोंडावर आहे, दुकानात हिशेबाला माणूस हवा आहे आणि ते काम तू दरवर्षी करतोस, म्हणून यंदाही तुलाच धरले आहे.

तुझा मित्र,
विनायक