जर्मन ए१ तोंडी परीक्षा: सरावाची सहा कार्डं

ही कार्डं आपल्या संध्याकाळच्या बॅचसाठी आहेत. परीक्षेला बारा दिवस उरलेत. गटात जास्तीत जास्त चार जण, साधारण पंधरा मिनिटं, आणि तयारीला वेगळा वेळ मिळत नाही. तोंडीला २५ गुण आहेत. कार्डं नुसती वाचू नका, मोठ्याने म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करा.

कार्ड १: स्वतःची ओळख (भाग १)

समोर शब्द असतील: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. प्रत्येकावर एक साधं वाक्य पुरे.

- इश हाइसे केतकी. इश कोमे आउस इंडिएन.
- इश श्प्रेशे मराठी, हिंदी उंट एंग्लिश.
- माइन हॉबी इस्ट लेझन. (माझा छंद वाचन.)

पाठ केल्यासारखं एका दमात म्हणू नका. दोन वाक्यांमध्ये श्वास घ्या, परीक्षकाकडे बघा.

कार्ड २: स्पेलिंग आणि आकडे

भाग १ मध्येच परीक्षक विचारतात: "क्योनन झी बिटे ईरन नामन बुखश्टाबीरन?" सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते, म्हणून या कार्डावर रोज पाच मिनिटं द्या.

इंग्रजीची सवय इथे दगा देते. जर्मनमध्ये 'ई' असा उच्चार केला की परीक्षक I लिहितात. E चा उच्चार 'ए', A चा 'आ'. केतकी म्हणजे का-ए-टे-आ-का-ई. J योट, V फाउ, W वे, Y उप्सिलोन, Z त्सेट. मागच्या सराव परीक्षेत एकीने आपल्या नावातला V 'वी' म्हटला आणि कागदावर W उमटला.

आकड्यांत मात्र मराठी आपल्या बाजूने आहे. सत्तेचाळीसमध्ये सात आधी, चाळीस नंतर, झीबन-उंट-फिर्त्सिशमध्येही तसंच. मनात 'फॉर्टी सेव्हन' आणलंत की क्रम उलटतो. फोन नंबर विचारला तर एकेक आकडा सांगितलात तरी चालतं.

कार्ड ३: विषयावर प्रश्न (भाग २)

कार्डावर विषय आणि एक शब्द असतो. त्या शब्दावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा, मग त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

- खरेदी, 'ब्रोट': वो काउफन झी ब्रोट? – इम झूपरमार्क्ट.
- मोकळा वेळ, 'झोनटाग': वास माखन झी आम झोनटाग? – इश श्लाफे लांगे.
- जेवणखाण, 'काफे': ट्रिंकन झी गेर्न काफे? – नाइन, इश ट्रिंके लीबर टे.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नात क्रियापद पहिलं, 'वो' किंवा 'वास' असेल तर दुसरं. शब्द कठीण वाटला तर त्यावर साधाच प्रश्न विचारा. प्रश्नाला हुशारीचे गुण नाहीत, समजण्याला आहेत.

कार्ड ४: विनंती (भाग ३)

चित्र दिसेल, त्यावरून विनंती करायची.

- पेन: कान इश बिटे ईरन कूली हाबन?
- खिडकी: क्योनन झी बिटे दास फेन्स्टर आउफमाखन?
- होकार: या, गेर्न. नकार: टूट मिअर लाइट, दास गेट निश्ट.

'हाबन', 'आउफमाखन' शेवटी आले, मराठी क्रियापदासारखे. परीक्षेत सगळ्यांना 'झी' म्हणा, अगदी रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही. 'बिटे' विसरू नका.

लिंगाचं मात्र मराठीवरून ठरवू नका. आपलं टेबल 'ते', त्यांचा टिश 'तो'.

कार्ड ५: अडलात तर

- वी बिटे?
- नोख आइनमाल, बिटे.
- क्योनन झी बिटे लांगझामर श्प्रेशन?

तिन्ही वाक्यं इतकी घोळवा की गोंधळातही तोंडातून आपोआप येतील. न समजल्यावर गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. पुन्हा विचारणं हाही संवादच आहे, आणि परीक्षक त्याची वाट बघत असतात.

कार्ड ६: रेकॉर्डिंगची तपासणी

दिवसाला एकच रेकॉर्डिंग, तीन मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी ऐका; लगेच ऐकलं तर कान आपल्या चुका झाकतात. मग खुणा करा:

☐ ओळखीची सातही वाक्यं आली
☐ नावाचं स्पेलिंग न अडखळता सांगितलं. E आणि I वेगळे ऐकू येतात
☐ दोन आकडी पाच संख्या बरोबर म्हटल्या
☐ किमान तीन प्रश्नांत क्रियापद योग्य जागी
☐ प्रत्येक विनंतीत 'बिटे'
☐ 'अं...' तीन सेकंदांपेक्षा लांबलं नाही

ज्या ओळीवर खूण पडली नाही, तेवढीच दुसऱ्या दिवशी दहा वेळा म्हणा. बाकी कार्ड तसंच राहू द्या. शनिवारी दोघा-दोघांनी फोनवर भाग २ आणि ३ करायचे, आणि तेही रेकॉर्डिंग मला पाठवायचं.