वॉरंटी सर्व्हिसमध्ये चुकीच्या ग्रेडचे इंजिन ऑईल भरल्याबाबत तक्रार

परभणी, दि. 12 मे 2025

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

संदर्भ: जॉबकार्ड क्र. 1874, दि. 8 मे 2025, 20,000 किमी सर्व्हिस (बीएस-6 डिझेल)

महोदय,

वरील सर्व्हिसच्या बिलात 5.2 लिटर 15डब्ल्यू-40, सीआय-4 प्लस ऑईल लावले आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मात्र 5डब्ल्यू-30, एसीईए सी3 हे एकच ऑईल सांगितले आहे. दोन्ही पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपल्या सर्व्हिस अॅडव्हायझरने "आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाड ऑईलच बरे" असे उत्तर दिले. ते पटणारे नाही. बाहेर 43 अंश असोत की 15, थर्मोस्टॅट कूलंटला 90 अंशांच्या आसपासच ठेवतो. उलट परभणीच्या थंडीत पहाटे गाडी सुरू केली की 15डब्ल्यू ऑईल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज तिथेच होते.

पण माझी खरी काळजी धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरची आहे. सी3 ऑईलमध्ये सल्फेटेड राखेचे प्रमाण 0.8 टक्क्यांच्या आत ठेवावेच लागते. सीआय-4 प्लस हे मुख्यतः डीपीएफ नसलेल्या ट्रकसाठीचे ऑईल, त्याला ही मर्यादा नाही. रिजनरेशनमध्ये काजळी जळून जाते, राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची साचते. उद्या फिल्टर चोक झाला तर "चुकीचे ऑईल" म्हणून वॉरंटी नाकारली जाईल. ते ऑईल आपल्याच वर्कशॉपने भरले आहे, म्हणून हे आजच लेखी मांडत आहे.

आपण विनामूल्य पुढील काम करून द्यावे. इंजिन गरम असताना ऑईल काढावे. काढताना 200 मिलीचा नमुना माझ्यासमोर सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ऑईल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवीन टाकावा. फ्लशिंगचे केमिकल वापरू नये. सी3 ऑईलचा सीलबंद डबा माझ्यासमोर उघडावा. थोडे जुने ऑईल आत राहतेच, म्हणून 1,000 किमीनंतर ऑईल व फिल्टर पुन्हा एकदा बदलून द्यावेत. डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर आणि काजळी-राखेचे रीडिंग कामाआधी व नंतर स्कॅनरवर घेऊन प्रिंट द्यावी.

झालेली चूक सर्व्हिस हिस्टरीत नोंदवावी. या ऑईलमुळे इंजिन, टर्बो किंवा डीपीएफची वॉरंटी नाकारली जाणार नाही, असे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यावे. चुकीच्या ऑईलचे बिलातील पैसेही परत मिळावेत.

तोपर्यंत गाडी उभी ठेवली आहे. कृपया टो करून न्यावी. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाकडे आणि 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. तरीही दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
गाडीमालक (नाव व मोबाइल नंबर जॉबकार्डप्रमाणे)

सोबत: बिल, जॉबकार्ड व मॅन्युअलमधील ऑईलच्या पानाची प्रत