परिकल्पना परीक्षण: सहा तासांच्या फ्लिप्ड वर्गाची आखणी

वर्ग: एस.वाय.बी.एस्सी. संख्याशास्त्र, विद्यार्थी ४८. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दोन आठवडे, प्रत्येकी ५० मिनिटांचे सहा तास. द्विपद वितरण, प्रसामान्य वितरण आणि प्रमाण त्रुटी आधीच्या युनिटमध्ये झालेली आहे.

या युनिटची सूत्रं मुलांना जमतात. अडतं ते सूत्राच्या आधी आणि नंतर: H₀ काय मानायची, चाचणी एकपुच्छ की द्विपुच्छ, आणि आलेल्या आकड्यावरून काय म्हणता येतं, काय येत नाही. म्हणून फळ्यावरची गणितं व्हिडिओत गेली आहेत आणि वर्ग वादासाठी मोकळा ठेवला आहे.

व्हिडिओ आणि प्रवेशप्रश्न

प्रत्येक तासासाठी एक व्हिडिओ, ८ ते १२ मिनिटांचा. कागदावर पेनने लिहीत, मोबाइलवर चित्रित केलेला. भाषा मराठी, संज्ञा परीक्षेत येतात त्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस आधी येईल. डेटा पुरत नसेल त्यांच्यासाठी लॅबच्या सगळ्या संगणकांवर फाइल ठेवली आहे, लॅब पाचपर्यंत उघडी असते.

व्हिडिओखाली तीन प्रश्नांचा गूगल फॉर्म असेल. तो आदल्या रात्री नऊपर्यंत भरायचा. उत्तर चुकलं तरी गुण मिळतात, कोरा सोडला तर नाही. तिसरा प्रश्न नेहमी एकच: ‘कुठे अडलं?’ तासाची पहिली पाच मिनिटं याच उत्तरांवर जातील.

शिकवणाऱ्या आपल्या दोघांनाही पाळायचा एक नियम: व्हिडिओ न पाहता आलेल्यांसाठी तो भाग वर्गात पुन्हा शिकवायचा नाही. एकदा शिकवला की पुढच्या तासाला कुणीच व्हिडिओ बघून येत नाही. अशा मुलांनी मागच्या बाकावर इअरफोन लावून तो आधी संपवायचा आणि मग गटात यायचं. रागवायचं कारण नाही.

तास १: पाण्याची परीक्षा

व्हिडिओ: H₀ आणि H₁ म्हणजे काय. उदाहरण रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या चहाच्या प्रयोगाचं: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि चव घेऊन फरक ओळखता येतो म्हणणारी एक बाई. आपल्याकडे दूध चहातच उकळत असल्याने तो प्रयोग तसाच्या तसा करता येणार नाही.

वर्गात: ‘जारचं पाणी आणि नळाचं पाणी मी चवीवरून ओळखतो’ म्हणणारे कुणी ना कुणी असतातच. त्यांतला एक निवडायचा. आठ कागदी कप, चार जारचे, चार नळाचे, तापमान सारखं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि कप भरणाऱ्याने वर्गाबाहेर थांबायचं. दोन्ही प्रकारचे चार-चार कप आहेत हे चाखणाऱ्याला माहीत असतं.

चाखण्याआधी प्रत्येक गटाने वहीत लिहायचं: किती कप बरोबर आले तर दावा मानू? बहुतेक गट ‘आठपैकी सहा’ लिहितील. मग मोजायचं. चार कप निवडण्याच्या रीती ७०. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता १/७०, म्हणजे सुमारे ०.०१४. सहा किंवा जास्त बरोबर येण्याची १७/७०, म्हणजे ०.२४३. ‘आठपैकी सहा’वर भाळणारा चारांत जवळपास एकदा फसेल. हे गणित गटांनी स्वतः करायचं, फळ्यावर आयतं द्यायचं नाही. चिठ्ठ्या कशाला टाकल्या, हा प्रश्न कुणी विचारला नाही तर आपण विचारायचा. वेळ उरला नाही तरी तो गाळायचा नाही.

तास २: नाणी, p-मूल्य आणि पहिली क्विझ

व्हिडिओ: p-मूल्य, सार्थकता पातळी, क्रांतिक क्षेत्र.

वर्गात: प्रत्येकाने एक नाणं २० वेळा उडवायचं. नियम आधी ठरलेला: छापा ५ किंवा कमी, अथवा १५ किंवा जास्त आला तर ‘नाणं खोटं’ म्हणायचं. नाणं निर्दोष असताना असं होण्याची शक्यता ०.०४१४. वर्गात ४८ नाणी आहेत, म्हणजे सरासरीने दोन चांगली नाणी बदनाम होतील. तीच प्रथम प्रकारची चूक. एकही बदनाम झालं नाही किंवा चार झाली तरी बिघडत नाही, उलट चर्चेला विषय मिळतो.

शेवटची सात मिनिटं क्विझ, ५ गुण. त्यातला एक प्रश्न असा:

पाण्याच्या प्रयोगात आठही कप बरोबर आले, p = ०.०१४. याचा अर्थ कोणता?
(अ) H₀ खरी असण्याची शक्यता १.४ टक्के आहे.
(ब) H₀ खरी धरली तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता १.४ टक्के आहे.
(क) ओळखणाऱ्याचा दावा खरा असण्याची शक्यता ९८.६ टक्के आहे.

बरोबर (ब). (अ) निवडणारे बरेच निघतील. त्यांना पुढच्या तासाला वेगवेगळ्या गटांत पसरवायचं.

तास ३: दुसऱ्या प्रकारची चूक (लॅबमध्ये)

व्हिडिओ छोटा आहे. आधीचाच नियम, पण आता नाणं खरोखर वाकडं: छाप्याची शक्यता ०.७. लॅबमध्ये आर वर हे चालवायचं:

```
x <- rbinom(10000, 20, 0.7)
mean(x <= 5 | x >= 15)
```

उत्तर ०.४२ च्या आसपास येईल. म्हणजे नाणं इतकं वाकडं असूनही निम्म्याहून जास्त वेळा सुटून जातं. मग 20 च्या जागी 50 आणि 100 घालायचं, पण सीमा बदलायला विसरल्यास काय गंमत होते ते त्यांना स्वतःला सापडू द्यायचं.

तास ४: दुधाची पिशवी, दुसरी क्विझ

व्हिडिओ: एका नमुन्याची z आणि t चाचणी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या नावाने हे वितरण मांडलं, एवढाच इतिहास.

वर्गातलं उदाहरण: पिशवीवर ५०० मिली लिहिलंय. १६ पिशव्या मोजल्या, सरासरी ४९८, नमुन्याचं प्रमाण विचलन ३.९. यावरून t = −२.०५.

अर्धा वर्ग ग्राहकाच्या बाजूने बसेल, अर्धा पॅकिंग मशिन सांभाळणाऱ्याच्या. ग्राहकाला फक्त कमी भरण्याची काळजी, म्हणून एकपुच्छ. १५ स्वातंत्र्य मात्रांना ५ टक्क्यांवर सीमा १.७५३, H₀ नाकारली. मशिनवाल्याला कमी आणि जास्त दोन्ही नको, म्हणून द्विपुच्छ, सीमा २.१३१, H₀ नाकारता येत नाही. ज्याने t ऐवजी सवयीने १.९६ वापरलं त्याने नाकारली! आकडे तेच, निकाल वेगळे. भांडण होऊ द्यावं. फक्त एक अट घालायची: बाजू आकडे पाहण्याआधी ठरलेली हवी. t = −२.०५ पाहून कुणी एकपुच्छ झाला, तर ती लबाडी आहे असं स्पष्ट म्हणायचं.

क्विझ: असाच एक प्रश्न, फक्त H₀, H₁ आणि पुच्छ ठरवण्यापुरता. आकडेमोड नाही.

तास ५ आणि ६

पाचवा: बसून मोजलेली नाडी आणि दोन मजले चढून आल्यावरची नाडी, युग्मित t. ज्यांना तब्येतीमुळे जिना नको त्यांनी नोंदी ठेवायच्या. हेच आकडे स्वतंत्र नमुने समजूनही सोडवायचे आणि t केवढा बदलतो ते पाहायचं.

सहावा: दोन स्वतंत्र नमुने. आर मध्ये var.equal = TRUE लिहिलं नाही तर वेल्च चाचणी होते आणि अभ्यासक्रमातल्या हाताने केलेल्या उत्तराशी स्वातंत्र्य मात्रा जुळत नाहीत; हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर वीस मिनिटं त्यातच जातात.

```
t.test(nantar, aadhi, paired = TRUE)
t.test(gat1, gat2, var.equal = TRUE)
```

तिसरी क्विझ सहाव्या तासाच्या शेवटी.

अंतर्गत गुण (१५)

प्रवेशप्रश्नांचे ५ गुण: सहापैकी किमान पाच फॉर्म भरले तर पूर्ण. तीन क्विझपैकी चांगल्या दोन, प्रत्येकी ५. एखाद्या क्विझला गैरहजर राहिल्यास वेगळी क्विझ नाही, कारण एक क्विझ तशीही गळते. उत्तराच्या शेवटी ‘H₀ स्वीकारली’ लिहिल्यास अर्धा गुण जाईल. ‘नाकारायला पुरेसा पुरावा नाही’ असं लिहायचं, आणि पिशवीचं उदाहरण असेल तर दुधाबद्दल साध्या मराठीत एक वाक्य.