तन्वीच्या ऑफर लेटरमधला पगार: काका-काकूंसाठी

काका, काकू, नमस्कार.

तन्वीने तिचं ऑफर लेटर काल मला पाठवलं. दोनदा वाचलं. काकांनी फोनवर विचारलं होतं, "चार लाख वीस हजार म्हणजे महिन्याला पस्तीस ना?" तेव्हा मी ऑफिसात होते, घाईघाईत काहीतरी सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते म्हटलं. सातपूरला रोज लोकांचे पगारच करत बसते, त्यामुळे यातला शब्दन् शब्द माझ्या रोजच्या वापरातला आहे. तन्वीला म्हणावं, तुम्हाला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तिचंही पाठ होईल.

आधी मुख्य गोष्ट. हातात येणार आहेत 28,000. घरचा जो काही हिशेब करायचा, हप्ता, खोलीचं भाडं, मुक्ताची फी, तो 28 धरूनच करा. पस्तीस धरू नका. यात कंपनीने फसवलेलं काही नाही. उरलेले सात हजार कुठे जातात ते खाली सगळं सांगते.

लेटरच्या पहिल्या पानावर जो 4,20,000 चा आकडा आहे, त्याला सीटीसी म्हणतात. तन्वीला वर्षभर कामावर ठेवायला कंपनीच्या खिशातून एकूण किती जाणार, तो हा आकडा. तो पगार नव्हे. पगाराचा तक्ता शेवटच्या पानावर आहे, परिशिष्ट म्हणून जोडलेला. खरं लेटर तेच पान आहे, बाकीची पानं अटींची.

त्या तक्त्यात वरच्या भागात तीन ओळी आहेत. बेसिक 15,000, एचआरए 6,000 आणि स्पेशल अलाउन्स 9,000. बेरीज 30,000. हाच ग्रॉस पगार. एचआरए म्हणजे घरभाड्यासाठीची रक्कम, पण कंपनी खोली देणार नाही आणि भाड्याची पावतीही मागणार नाही. पैसे पगारातच येतात, ती पाथर्डी फाट्याला राहो की इंदिरानगरला. स्पेशल अलाउन्सला तसा काही खास अर्थ नाही, उरलेली रक्कम तिथे टाकलेली असते. बेसिकची ओळ मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही त्यावरून ठरतात.

आता ग्रॉस आणि नेट. काका, लासलगावला कांदा घातल्यावर तुम्हाला हिशेबपट्टी मिळते. वर वजन गुणिले भाव अशी एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि तळाशी निव्वळ. पगाराची स्लिप अगदी तशीच असते. वरची एकूण म्हणजे ग्रॉस, तळाची निव्वळ म्हणजे नेट. कुणी "पगार किती" विचारलं तर लोक सोयीने यातला कुठलाही आकडा सांगतात, म्हणून दोन पोरांचे पगार एकमेकांशी ताडून बघताना आधी विचारावं, की हा आकडा वरचा की खालचा.

तन्वीच्या 30,000 मधून दर महिन्याला दोन गोष्टी कापल्या जातील. पीएफचे 1,800, म्हणजे बेसिकच्या 12 टक्के. आणि व्यवसाय कराचे 200. व्यवसाय कर राज्य सरकारचा आहे. आपल्याकडे बायकांना 25,000 पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, तन्वी त्याच्या वर गेली म्हणून तिला लागतो. फेब्रुवारीत 200 च्या जागी 300 कापतात, म्हणजे वर्षाचे 2,500 पुरे होतात. तेव्हा फेब्रुवारीत शंभर कमी आले म्हणून कंपनीला फोन करू नका. डिसेंबरात आणि जूनमध्ये कामगार कल्याण निधीचे 25 रुपयेही जातील. इन्कम टॅक्सची काळजी नको. 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, आपण त्याच्या जवळपासही नाही.

30,000 वजा 2,000, हातात 28,000. हे झालं.

मग पस्तीस आणि तीस यांच्यातले पाच हजार कुठले? हे पैसे कंपनी खर्च करते, पण ते तन्वीच्या महिन्याच्या पगारात येत नाहीत. त्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला भाग पीएफचा. तन्वीचे 1,800 कापले की कंपनीलाही स्वतःचे 1,800 भरावेच लागतात. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि 550 पीएफमध्ये. म्हणजे तन्वीच्या पीएफ पासबुकात महिन्याला 1,800 अधिक 550, असे 2,350 दिसतील. वर्षाला 28,200 आणि वर व्याज. 2024-25 साली ते सव्वाआठ टक्के होतं. काकू, तुम्ही म्हणाला होतात की "एवढे कापून घेण्यापेक्षा हातात दिले तर बरं." नका तसं म्हणू. आपल्या घरात आजवर कुणाच्या नावावर असा पैसा साठलेला नाही. नोकरी बदलली तरी तिचा बारा अंकी यूएएन नंबर तोच राहतो, फक्त नव्या कंपनीला तो आठवणीने द्यायचा. तो नंबर वहीत लिहून ठेवा.

पुढे 721 रुपये ग्रॅच्युइटीचे. कायम नोकरीत ही रक्कम पाच वर्षं पूर्ण झाल्यावर सोडताना मिळते. हिशेब असा: शेवटचं बेसिक भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. आजच्याच बेसिकवर पाच वर्षांचे साधारण 43,000 होतात. तीन वर्षांत सोडली तर काही नाही. म्हणून हे पैसे आज आपले समजू नयेत.

479 रुपये मेडिक्लेमच्या हप्त्याचे. कंपनी भरते. यात दोन लाखांचं कव्हर आहे, पण लेटरमध्ये फक्त कर्मचाऱ्याचं नाव आहे, आईवडिलांचं नाही. तेव्हा काका, तुमची स्वतःची पॉलिसी "आता तन्वीची आहे ना" म्हणून बंद करू नका. ईएसआयचं कार्ड मिळेल का, असं काकूंनी विचारलं होतं. ते 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना असतं, म्हणून तन्वीला नाही.

राहिले 24,000 वर्षाचे, महिन्याला दोन हजार दिसतात ते. याला व्हेरिएबल म्हटलंय. तन्वीचं काम आणि कंपनीचा धंदा दोन्ही बघून वर्षाअखेर द्यायचे. पूर्ण मिळतील, अर्धे मिळतील, क्वचित काहीच नाही. त्यातही ती 1 जुलैला रुजू होतेय, म्हणजे मार्चपर्यंत नऊच महिने, तेव्हा पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 18,000. शिवाय वाटपाच्या दिवशी ती नोकरीवर असली पाहिजे, अशी ओळ आहे. आले तर सणासुदीला वापरा, यावर कर्ज काढू नका.

आता प्रोबेशन. काकूंना याचीच धास्ती आहे. "सहा महिन्यांनी काढून टाकतील का गं?" असं दोनदा विचारलंत. प्रोबेशन म्हणजे पारखून बघायचा काळ, आणि तो जवळपास प्रत्येक कंपनीत असतो. या सहा महिन्यांत पगार पूर्ण, पीएफ पहिल्या दिवसापासून. फरक दोनच. सुट्ट्या कमी, आणि दोन्हीकडून पंधरा दिवसांची नोटीस देऊन नोकरी संपवता येते. कायम झाल्यावर हीच नोटीस साठ दिवसांची होते. मी इतकी वर्षं बघतेय, वेळेवर येणाऱ्या आणि विचारून काम करणाऱ्या मुलीला प्रोबेशनमध्ये सहसा कुणी काढत नाही. पण एक अट नीट वाचा: सहा महिने झाले की आपोआप कायम होत नाही, कंपनीने तसं लेखी द्यायला हवं, आणि गरज वाटल्यास ती तीन महिने मुदत वाढवू शकते. 31 डिसेंबरला सहा महिने भरतील. पत्र आलं नाही तर तन्वीने पहिल्या आठवड्यातच एचआरला मेल करून विचारायचं. लाजायचं नाही. आमच्याकडे एका मुलाने विचारलंच नाही, त्याची मुदत नुसती लांबत राहिली आणि त्याच्या रजाही अडल्या.

साठ दिवसांच्या नोटिशीचं पण ऐका. उद्या दुसरीकडे चांगली संधी आली तर दोन महिने आधी सांगावं लागेल, नाहीतर जितके दिवस कमी तितक्या दिवसांचा पगार कापतील. तो ग्रॉसवर कापणार की बेसिकवर, हे लेटरमध्ये नाही. दोन्हींत दुपटीचा फरक आहे. हे तिने सही करायच्या आधी विचारायला हवं.

इन्क्रिमेंटबद्दल काका म्हणाले, "दरवर्षी किती वाढणार ते लिहिलंय का?" नाही लिहिलेलं. लेटरमध्ये इतकंच आहे की दर एप्रिलला आढावा होईल आणि वाढ व्यवस्थापनाच्या मर्जीवर. 31 मार्चला सहा महिने पूर्ण असलेल्यांचा विचार होतो, तन्वीचे नऊ होतील, म्हणजे ती बसते. समजा आठ टक्के दिले. मग लोक 28,000 वर आठ टक्के काढून बसतात. ते चूक. टक्केवारी बहुतेक वेळा 4,20,000 वर असते, म्हणजे वर्षाला 33,600, महिन्याला 2,800. पण त्यातला काही भाग व्हेरिएबलमध्ये, काही ग्रॅच्युइटीत जातो. हातात किती वाढले ते नवा तक्ता आल्यावरच कळेल. तो तक्ता आला की मला फोटो पाठवा.

तन्वीला एचआरला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्यात. नोटिशीचा पगार कशावर कापणार, अंबडला येणारी कंपनीची बस पाथर्डी फाट्यावर थांबते का आणि तिचे पैसे कापतात का, आणि मूळ मार्कशीट जमा करायला लागतील का. मूळ कागद देऊ नये, नुसते दाखवून परत घ्यायचे आणि झेरॉक्स द्यायची. बाँड या लेटरमध्ये कुठेही नाही, ते मी खास तपासलं.

पाहुण्यांनी विचारलं तर "हातात 28 हजार, पीएफ वेगळा" असं सांगा. हा पहिल्या नोकरीचा चांगला पगार आहे आणि तो तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलाय.

आणि एक, हे तन्वी तुम्हाला सांगणार नाही. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला होतो. म्हणजे जुलैचा पगार 7 ऑगस्टला. खोलीचं डिपॉझिट, डबा आणि बसभाडं यांची सोय जूनअखेरीपासून पाच-सहा आठवड्यांसाठी घरूनच करावी लागेल. डिपॉझिटचे पैसे कमी पडले तर मी देते, तिच्या पगारातून सावकाश फिटतील. तिला शुक्रवारच्या आत होकाराचा मेल पाठवायचा आहे, तेव्हा आज रात्रीच एकदा एकत्र बसून वाचा आणि काही अडलं तर फोन करा, साडेनऊनंतर मी मोकळीच असते.

तुमची,
स्वातीताई