वहीतली नावं

आषाढ शुद्ध दशमी, शनिवार, ५ जुलै २०२५
पंढरपूर, रात्रीचे पावणेबारा

पोहोचलो. गावातून निघाल्याचा आज बाविसावा दिवस.

बाकीचे झोपलेत. तात्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि भिंतीला टेकताच डोळा लागला त्यांचा. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून तो पोरगा उभा आहे, बारीक आवाजात नाम चालू आहे. मी दिव्याखाली बसलोय. अंगठ्याजवळचा फोड काल वाखरीत फुटला, त्याला हळद लावून फडकं गुंडाळलंय.

आधी हिशेब. उद्याच्या एकादशीचा साबुदाणा, भगर, दाणे दुपारीच घेऊन ठेवले. लोणंदला गावाकडच्या मंडळींनी भाकरी आणि ठेचा आणला होता, त्या दिवशीचं किराणा वाचलं, म्हणून जमलं. आक्कांनी दिलेला वीस किलो वाघ्या घेवडा फलटणपर्यंत पुरला. टँकरवाल्याचे राहिलेले पैसे पौर्णिमेला गोपाळकाला झाल्यावर द्यायचे. बाकी वहीत आहे.

वहीबद्दलच लिहायचं आहे आज.

सकाळी वाखरीतून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी, पताका आणि बायकांच्या डोक्यावरची तुळस. पंढरपूरहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते ती इथेच. कोरेगाव तालुक्यातली आमची एवढीशी दिंडी, एकशे बारा माणसं, त्या लोंढ्यात एका थेंबाएवढी. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावलो तेव्हा वाटलं होतं आता आलंच. पण खरं अंतर आजचं. आठ किलोमीटरला अख्खा दिवस गेला. पाय पुढे पडायचा तो मागच्या माणसाच्या रेट्यानं आणि टाळाच्या ठेक्यानं.

कळस दिसला तेव्हा शेजारच्या वहिनी रस्त्यातच खाली बसल्या आणि मातीला कपाळ लावलं. कुणी त्यांना उठ म्हटलं नाही. मागची माणसं आपोआप दोन्हीकडून वळून गेली.

उतरल्यावर सामान ठेवून सगळे चंद्रभागेवर गेलो. पाणी गढूळ होतं, गार होतं. बुडी मारून वर आलो की समोर पुंडलिकाचं देऊळ, नदीच्या पोटातच उभं. भीमा इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, हे शाळेत वाचलेलं; कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन्हीकडे बघितलं की ते वळण डोळ्यांना दिसतं.

मग मी एकटा महाद्वाराकडे गेलो. दर्शनरांग कुठवर गेली होती ते विचारलंच नाही, रांगेत उभं राहायचं नव्हतंच. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, रिवाज होता. दिंडीची वही चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. पंढरीत आलं की अंघोळ करून, कोरडं धोतर नेसून ते नामदेव पायरीसमोर उभे राहायचे आणि वहीतली देणगीदारांची नावं एकेक करून वाचायचे. रकमेसकट. लहानपणी मी विचारलं होतं, देवाला हिशेब कशाला? ते म्हणाले, "हिशेब न्हवं रं. ही माणसं येऊ शकली न्हाईत. त्यांची हजेरी लावतोय."

पुढे सोसायटीत सचिव म्हणून मी तीस वर्षं वह्या लिहिल्या, पण हजेरी हा शब्द वहीला लावलेला मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

काही वर्षांपूर्वी माघीला आलो होतो, गर्दी बेताची होती, तेव्हा देवळातल्या सोळखांबी मंडपातला चौऱ्यांशीचा शिलालेख नीट बघायला मिळाला. पूर्वी लोक त्या दगडाला पाठ घासायचे, चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. अक्षरं त्यानं झिजलीत. मला तोवर वाटायचं, त्यात मंत्र असतील, स्तोत्र असेल. आहे काय, तर देणगीदारांची यादी! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७. देवळासाठी कुणी किती दिलं, कुठल्या माणसानं किती गद्याण नाणी दिली, याची नोंद. रामदेवराव यादव आणि हेमाद्री पंडित यांची नावं आहेत, आणि त्यांच्याच दगडावर साध्या माणसांचीही आहेत. ती वही आहे, आमच्या वहीसारखीच, फक्त दगडाची. आणि ज्यांच्या पादुकांमागे मी चालत आलो त्या माउलींचा जन्म १२७५ चा. म्हणजे ती नावं कोरली जात होती आणि इकडे माउली पाळण्यात होते. त्या दिवशी मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

आज वही काढली तेव्हा हात थोडा थरथरला. एकशे सेहेचाळीस नावं आहेत यंदा. मोठ्या देणग्या दादा पहिल्या वाचायचे नाहीत, तारखेप्रमाणे वाचायचे. मीही तसंच केलं. ज्येष्ठात गावातून निघायच्या दिवशी ज्यांनी चारशे, पाचशे दिले ते आधी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मामी. मुलाच्या शेतात पाणी धरायचं म्हणून मागे राहिलेले काका, सातवी वारी चुकली त्यांची. मग खंबाटकी घाटातली ती चहावाली. अकरा रुपये दिले होते तिनं, नाव विचारलं तर म्हणाली, "नगा लिवू, त्येला ठावं हाय." मी "घाटातली चहावाली, ११ रु." असं लिहिलं होतं. तसंच वाचलं, मोठ्यानं.

साठ-पासष्ट नावं झाली असतील. माणसं पायरीला हात लावायला वाकत होती, मी मध्ये उभा. बंदोबस्तावरच्या पोरानं हात जोडून सांगितलं, "माउली, पुढं व्हा, लोटतील लोक." बरोबरच होतं त्याचं. मी बाजूला झालो तो चोखोबांच्या समाधीपाशी आलो, ती समोरच आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या. आत मात्र त्यांना जिवंतपणी कधी जाता आलं नाही. आणि त्यांच्या माणसांना दार उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना इथं उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षांहून जास्त. आतल्या दगडावर ज्यांची नावं कोरली त्यांचं भाग्य मोठं, पण ज्यांना उंबऱ्यावर थांबवलं त्यांची हजेरी कुठल्या दगडावर घेतली? हे मला आज पहिल्यांदाच सुचलं, आणि सुचल्यावर गळा दाटला.

मग उरलेली नावं तिथंच वाचली, चोखोबांसमोर. इथं कुणी हटकलं नाही. शेवटचं नाव गावच्या पोराचं होतं, मुंबईला सिक्युरिटीत आहे, पगारातले शंभर पाठवले होते. वही मिटली, कळसाकडे बघून हात जोडले. एवढंच दर्शन झालं माझं. पुरे वाटलं.

परतताना बुक्का घेतला, मामींसाठी चुरमुरे घेतले.

वीणेचा पोरगा अजून उभा आहे. दोन वाजता मी त्याच्याकडून वीणा घेणार आहे. साडेतीनला नगरप्रदक्षिणेला निघायचं. तोवर तासभर पडतो.