विषय: सॉम पास व्हायला ईएसईला किती लागतील? माझा हिशोब खाली दिलाय, एकदा बघाल का मॅडम

नमस्कार मॅडम,

मी वैष्णवी, एसई मेकॅनिकल बी डिव्हिजन, रोल नंबर ७१, डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. लॅबला तुमच्या सी-३ बॅचमध्ये असते. काल पोर्टलवर सॉमचे इंटर्नल दिसायला लागले आणि ते बघितल्यापासून हिशोबच करतेय, पण एका ठिकाणी अडकलेय. लेक्चरनंतर विचारणार होते पण तुमच्याभोवती गर्दी असते आणि हे आकडे उभ्या उभ्या तोंडी सांगून कळणार नाहीत, म्हणून नीट लिहून मेल करतेय. मोठा झालाय, वेळ मिळेल तेव्हा वाचा.

माझे मार्क असे दिसतायत:

आयएसई-१: एबी (१० पैकी)
आयएसई-२: ६ (१० पैकी)
एमएसई: ९ (३० पैकी)
एकूण: १५ (५० पैकी)

एबी यासाठी की आयएसई-१ झाली तेव्हा माझी अ‍ॅडमिशनच झाली नव्हती. डीएसईचे कॅप राउंड उशिरा संपले आणि मी कॉलेजला आले तेव्हा तुमचं युनिट ३ निम्मं शिकवून झालं होतं. एमएसईचे ९ कुठून आले तेही सांगते कारण पुढच्या हिशोबाला ते लागतं: एसएफडी-बीएमडीच्या प्रश्नाला १० पैकी ७, टेम्परेचर स्ट्रेसला २, बेंडिंग स्ट्रेसला शून्य. एसएफडी-बीएमडी डिप्लोमाला चांगलं झालेलं होतं म्हणून ते आलं, बेंडिंगचं लेक्चरच मिळालं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. पास व्हायला १०० पैकी ४० पाहिजेत, आणि ईएसईचा पेपर १०० चा होऊन त्याचे ५० वर आणतात, म्हणजे निम्मे धरतात. पेपरात मला प मार्क मिळाले असं धरलं तर:

१५ + (प ÷ २) = ४०
प ÷ २ = २५
प = ५०

म्हणजे पेपरात ५० लागतील. हे सगळं आयएसई-१ शून्य धरून आहे.

पण ईएसईला स्वतंत्र ४० टक्क्यांची अट पण आहे ना मॅडम? डिप्लोमाला एमएसबीटीईचं तसंच होतं, थिअरीचा पेपर ७० चा आणि त्यात २८ आलेच पाहिजेत, बाकी टेस्टचे कितीही असोत. इथेही तसं असेल तर पेपरात कमीत कमी ४० हवेतच, म्हणजे ५० पैकी २०. शून्य धरलं तर मला ५० लागतायत म्हणजे ही अट आपोआप पूर्ण होते, तिचा फरक पडत नाही. आयएसई-१ चे काही मार्क मिळाले तर मात्र पडतो, आणि तिथेच मी अडकलेय.

वर्गातल्या डीएसईच्या मुलांमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतायत आणि तिन्हीचा हिशोब वेगळा येतो. एक म्हणजे आमची आयएसई-१ वेगळी घेणार. तसं झालं आणि मला समजा ७ पडले तर इंटर्नल २२ होतात, ४० मधून २२ गेले की १८ उरतात, म्हणजे पेपरात ३६. पण मिनिमम ४० आहे म्हणून ३६ चालणार नाहीत, ४० च लागतील. दुसरं असं ऐकलं की आयएसई-२ चेच मार्क दोन्हीकडे धरतात, मग ६ + ६ + ९ = २१, उरले १९, पेपरात ३८, इथेही पुन्हा ४० च. तिसरं म्हणजे आयएसई-१ काढूनच टाकतात आणि विषय ९० पैकी धरतात. तेव्हा ९० चे ४० टक्के ३६, त्यातून माझे १५ वजा केले की २१, दुपटीने पेपरात ४२.

म्हणजे काय होतंय त्यावर मला ४०, ४२ किंवा ५० लागतात. सॉममध्ये १० मार्क म्हणजे निम्मा मोठा प्रश्न, म्हणून मला हे आधी कळायला हवंय.

वेगळी परीक्षा झाली तर तिथला एकेक मार्क किती वाचवतो तेही काढलं. आयएसई-१ चा एक मार्क म्हणजे पेपरातले दोन:

आयएसई-१ ला ० तर पेपरात ५०
१ तर ४८
२ तर ४६
३ तर ४४
४ तर ४२
५ तर ४०
६ किंवा जास्त तरी ४०

पाचच्या पुढे पास होण्यापुरता काही फायदा नाही, कारण मग मिनिममची अट आडवी येते. ग्रेड सुधारायला अर्थातच उपयोग आहे आणि परीक्षा झालीच तर मी पाचावर थांबणार नाही, पण आत्ता मला सगळ्यात आधी पासचा आकडा पक्का करायचाय. एक हे पण सांगावंसं वाटतं की मला फुकटचे मार्क नकोयत, परीक्षा घेतलीत तर युनिट १ वर कधीही द्यायला तयार आहे, उद्या ठेवलीत तरी.

राउंडिंगचं पण विचारायचं होतं. शून्यच धरले आणि पेपरात ४९ आले तर निम्मे २४.५ होतात, १५ मिळवले की ३९.५. हे ४० धरतात का नापास? आणि मिनिममला पेपरात ३९ आले तर १९.५ होतात, ते २० धरतात, का ती अट आधी १०० च्या पेपरवरच बघतात आणि ३९ म्हणजे ३९? सीनियर्सना विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. ग्रेस मी कुठेच धरलेले नाहीत, त्यावर अवलंबून अभ्यास करायचा नाही असं ठरवलंय.

आता ५० येतील का, याचा पण प्रामाणिकपणे अंदाज काढलाय. तुम्ही मागच्या आठवड्यात फळ्यावर युनिटप्रमाणे जे वेटेज लिहिलंत ते धरून:

युनिट १, सिम्पल स्ट्रेस-स्ट्रेन: १४ पैकी ८
युनिट २, एसएफडी-बीएमडी: २० पैकी १६
युनिट ३, बेंडिंग आणि शिअर स्ट्रेस: २० पैकी १०
युनिट ४, स्लोप-डिफ्लेक्शन: १८ पैकी ४
युनिट ५, टॉर्शन आणि कॉलम: १६ पैकी १०
युनिट ६, प्रिन्सिपल स्ट्रेस, मोहर्स सर्कल: १२ पैकी ७
बेरीज: १०० पैकी ५५

५५ चे निम्मे २७.५, अधिक १५, एकूण ४२.५. म्हणजे आत्ताच्या तयारीवर पास होते पण ५० लागत असतील तर हाताशी पाचच मार्क राहतात, एक सम पूर्ण चुकला की गेले. आणि सॉममध्ये चूक एकटी राहत नाही ना, रिअ‍ॅक्शन चुकली की एसएफडी चुकला, एसएफडी चुकला की मॅक्सिमम बेंडिंग मोमेंट चुकला, आणि त्याच बीमवर पुढे स्ट्रेस विचारला असेल तर तोही गेला. म्हणून आता प्रत्येक समला दुसऱ्या सपोर्टभोवती मोमेंट घेऊन रिअ‍ॅक्शन तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तरी पेपरात वेळेच्या गडबडीत काय होईल सांगता येत नाही. ४० पुरणार असतील तर मात्र १५ मार्कांची जागा आहे आणि मी शांतपणे सोडवू शकते.

यावरच माझा अभ्यासाचा प्लॅन ठरणार आहे. ५० हवे असतील तर युनिट ४ सोडून चालणार नाही, मॅकॉलेची पद्धत निदान सिम्पली सपोर्टेड बीमवर पॉइंट लोड आणि थोड्या भागावरचा यूडीएल इतकी तरी पक्की करावी लागेल, म्हणजे तिथले ४ चे ९-१० होतील. तो ब्रॅकेट कुठल्या सेक्शनपर्यंत धरायचा आणि मायनस आला की का सोडून द्यायचा हे कळतंय, पण यूडीएल मधेच संपला की तो शेवटपर्यंत वाढवून खालून उलटा लोड द्यायचा तिथे मी दर वेळी गोंधळते. ४० पुरणार असतील तर तोच वेळ युनिट ३ ला देईन, टी-सेक्शनचा न्यूट्रल अ‍ॅक्सिस आणि आय काढणं आता जमतंय, शिअर स्ट्रेसचा डायग्राम जमला की १० चे १४ होतील असं वाटतं. सॉमच्या दुसऱ्याच दिवशी एम-३ चा पेपर आहे आणि मला लाप्लासही पहिल्यापासून करावं लागतंय, डिप्लोमाला तेवढं नव्हतं, म्हणून दोन्ही युनिटं पूर्ण करायला वेळ पुरणार नाही असं दिसतंय.

पेपर ४ डिसेंबरला आहे आणि आज १८ नोव्हेंबर, म्हणून एवढी घाई करतेय. आमच्या घरात इंजिनिअरिंगला आलेली मी पहिलीच आहे, केटी म्हणजे काय हे आईवडिलांना समजावता येतं पण पहिल्याच सेमला ती लागू नये असं मला मनापासून वाटतं, पुढे कॅम्पसला बऱ्याच कंपन्या लाइव्ह बॅकलॉग नसलेलीच मुलं घेतात हेही डोक्यात आहे. आणि खरं सांगायचं तर विषय मला आवडतो मॅडम, यूटीएमवर माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट घेतली तेव्हा नेकिंग होताना बघितलं आणि तो कर्व्ह असा का येतो ते तेव्हा खरं समजलं.

तर आयएसई-१ चं आमचं काय धरणार, ईएसईला ४० ची वेगळी अट आहे का, आणि राउंडिंग कुठे करतात, एवढं कळलं तर माझा आकडा पक्का होईल. हे तुमच्या हातात नसेल आणि एक्झाम सेलला अर्ज द्यायचा असेल तर तसं सांगा, आम्ही डीएसईची मुलं मिळून एकच अर्ज देऊ, म्हणजे तुम्हाला प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला नको. माझ्या हिशोबात कुठे चुकतंय असं दिसलं तर तेही सांगा.

गुरुवारी शेवटचं लेक्चर अडीचला संपतं, तुम्ही केबिनला असाल तर मॅकॉलेचा एक सम घेऊन येईन, पंधरा मिनिटं पुरतील. त्या दिवशी जमणार नसेल तर शुक्रवारी लॅबच्या आधी चालेल का?

आपली विद्यार्थिनी,
वैष्णवी
एसई मेकॅनिकल, बी डिव्हिजन, रोल नंबर ७१

ता.क. पोर्टलवरच्या मार्कांचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. त्यात आयएसई-२ चे ६ दिसतायत पण तुम्ही परत दिलेल्या पेपरवर ६.५ आहेत, तो पेपर माझ्याकडे जपून ठेवलाय, येताना घेऊन येते. अर्ध्या मार्काने पेपरातला आकडा ५० चा ४९ होतो म्हणून विचारतेय.