जून २०२६ : काय टाकायचं, कधी आणि कोणी

कोल्हापूर अभ्यासिकेच्या गटासाठी

आपण तिघंच. स्नेहल फोटो काढेल, मुल्ला सर मजकूर तपासतील. पोस्ट टाकणं आणि लोकांना उत्तरं देणं माझ्याकडे. खर्च शून्य, त्यामुळे फेसबुक कितीही वेळा ‘बूस्ट करा’ म्हणालं तरी तिकडे बघायचं नाही. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री ८ वाजता, एवढंच. मजकूर एकच, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटस तिन्हीकडे तोच. महिन्याचा विषयही एकच : जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांच्या नव्या वह्या.

मंगळ, २ जून
फोटो : अभ्यासिकेतलं रिकामं कपाट.
मजकूर : “मागच्या वर्षीच्या वह्या रद्दीत घालू नका. निम्मी वही कोरी असेल तरी आम्हाला चालते. एकरेघी, दुरेघी, चौकटी, काहीही. १२ जूनपर्यंत संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत अभ्यासिकेत आणून द्या. पैसे नकोत, वह्या द्या.”
शेवटचं वाक्य काढायचं नाही. आपल्याकडे ८०जी नाही, कोणी करसवलतीची पावती मागितली तर अडचण होईल. तिघांनीही हे आपापल्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं. पेजपेक्षा तिथूनच माणसं येतात.

शुक्र, ५ जून (पर्यावरण दिन)
त्या दिवशी सगळे रोपट्याचा फोटो टाकणार, आपण टाकायचा नाही. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करू, फक्त हात दिसले पाहिजेत. स्नेहल, हे जवळून घे : चाकूच्या टोकाने पिना उचकटणं, लिहिलेली पानं बाजूला काढणं, कोऱ्या पानांचा गठ्ठा टेबलावर ठोकून कडा सारख्या करणं, दाभणाने तीन भोकं आणि त्यातून ओवलेला जाड दोरा. पुठ्ठ्यावर जुन्या कॅलेंडरचं पान, गुळगुळीत बाजू आत. गाणं लावू नकोस, दाभणाचा आवाज राहू दे.
मजकूर : “एक वही अशी होते. तुमच्या कपाटात अशा किती पडून आहेत?”

मंगळ, ९ जून
“रविवारी १४ तारखेला सकाळी १० ते १ वह्या शिवायला माणसं हवीत. शिवता येत नसेल तर पानं निवडायला या. चहा आमच्याकडे.” येतो म्हणणाऱ्याला मी शनिवारी फोन करणार, नुसत्या अंगठ्यावर विसंबून चालत नाही.

शुक्र, १२ जून
फक्त स्टेटस : “आज शेवटचा दिवस. पाऊस असेल तर वह्या प्लास्टिकच्या पिशवीत आणा.” बालकामगार विरोधी दिनही याच दिवशी असतो. आपली काही मुलं सुट्टीत घरच्या गाड्यावर बसतात, तेव्हा त्यावर आपण काही टाकायचं नाही. त्यांच्या आयांनी ते वाचलं तर मुलं यायचीच बंद होतील.

मंगळ, १६ जून
रविवारी काम संपल्यावर किती वह्या झाल्या ते फळ्यावर खडूने लिहू आणि त्या फळ्याचाच फोटो टाकू. आकडा लहान असला तरी आहे तोच.
मजकूर : “काल शाळा उघडल्या. शनिवारी ह्या वह्या मुलांच्या दप्तरात असतील. ज्यांनी वह्या दिल्या आणि जे शिवायला आले, त्या सगळ्यांचे आभार.”

शुक्र, १९ जून
सुट्टी. मुल्ला सरांच्या घरी लग्न आहे.

मंगळ, २३ जून
शनिवारच्या वाटपाचा फोटो. वही देणारा हसतोय आणि घेणारं मूल खाली बघतंय, असला फोटो नको. मुलं वहीवर स्वतःचं नाव घालतात, ते घ्या : पेन, बोटं, अर्धवट झालेलं नाव. आडनाव आणि शाळेचं नाव दिसू द्यायचं नाही. चेहरा दिसत असेल तर पालकांची लेखी परवानगी; ती नसेल तर फोटो नाही, कितीही गोड असो.
मजकूर मुलांनाच विचारा, “ह्या वहीत पहिलं काय लिहिणार?” जे उत्तर येईल ते जसंच्या तसं टाका, शुद्धलेखन तपासायचं नाही. (सर, इथे हात आवरा!)

शुक्र, २६ जून (शाहू जयंती)
“१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना महिन्याला १ रुपया दंड होता. आज आपल्या गल्लीतली मुलं शाळेत जातात, पण घरी आल्यावर अभ्यासाला बसायला जागा नसते. आमची खोली रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडी असते. कोणाला गरज असेल तर पाठवा.”
वर्तमानपत्रांतून, फलकांवरून त्या दिवशी महाराजांचे फोटो असतातच. आपण आपल्या खोलीच्या उघड्या दाराचा टाकू.

मंगळ, ३० जून
“सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवायला जुलैपासून एक जण हवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकेक तास. मानधन नाही.”

महिनाभर दाराशी वही ठेवू. जो येईल त्याला विचारायचं, “कुठून कळलं?” आणि रेघ मारायची : फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, शेजारी. ज्या रकान्यात एकही रेघ नसेल, तिथे जुलैत काही टाकायचं नाही.